माडीवरची तिजोरी खाली कशी आणायची

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या माडीवर भाड्यानं राहतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात कळंब्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचंय. तिथली लिफ्ट अजून चालू नाही. सामान दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं, पण आरशाची लोखंडी तिजोरी, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर आहे. चार पोरं आणि एक छोटा हत्ती पुरेल का? तिजोरी सासूबाईंच्या वेळची. ती वर कशी चढवली हे घरात कुणालाच आठवत नाही.

उत्तर:

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंय, पण सगळ्या कामाची किल्ली तिथंच आहे. बाकी सामानाला चार पोरं भरपूर झाली. तिजोरीला पाचवा माणूस लागेल. आणि गाडी ठरवायच्या आधी, खोकी गोळा करायच्याही आधी, ती तिजोरी जिन्यातनं उतरते का ते बघा. उतरत नसेल तर माणसं, दोर, वेळ, पैसे, सगळंच बदलतं.

हे मी सोसून सांगतोय. काही वर्षांपूर्वी मंगळवार पेठेत असंच एक काम घेतलं होतं. मी आदल्या दिवशी घर बघितलं, जिना सरळ आहे एवढं बघितलं आणि मान हलवली. माप घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिजोरी निम्म्या जिन्यात आली आणि तिचा खालचा कोपरा समोरच्या भिंतीला टेकला. वरचा भाग अजून जिन्यातच. उभी करायला गेलो तर माथा माडीच्या फळ्यांना लागायचा. पुढं नाही, मागं नाही. दोन पोरं वर अडकली, दोन खाली, आणि घरातली माणसं तेवढ्या वेळात खालीवर करू शकेनात. शेवटी परत वर ओढली. मग शेजारच्या आजी दारात येऊन म्हणाल्या, "अरं बाबांनो, ती भिंत मागनं घातल्या. तितं न्हाणी न्हवती आदी." तिजोरी चढवली तेव्हा जिन्यासमोर मोकळा सोपा होता. जुन्या घरांत हे नेहमीचं आहे. वाटण्या होतात, भिंती पडतात, न्हाणी आत येते, आणि वर गेलेली वस्तू वरच राहते.

म्हणून आधी माप. आपल्याकडची नेहमीची मोठी लोखंडी तिजोरी ७८ इंच उंच, ३६ इंच रुंद आणि १९ इंच खोल असते. तुमची मोजून घ्या, एखाद-दोन इंच इकडंतिकडं असेल. रिकामी केली तरी वजन साधारण ८० ते १०० किलो. माडीचे जिने पुष्कळदा अडीच फुटांपेक्षाही अरुंद असतात, म्हणजे पाठीवर झोपवून, ३६ इंच आडवी करून, ती उतरणारच नाही. ती कडेवर घ्यावी लागते. म्हणजे जमिनीला तिची १९ इंचाची बाजू आणि उंची ३६ इंच. अशी घेतली की जिन्याच्या दोन्ही बाजूंना पोरांच्या हाताला जागा उरते.

आता एक काठी घ्या, बरोबर तिजोरीच्या उंचीची. ७८ इंच तर ७८ इंच. तिच्या दोन्ही टोकांना १९ इंचाचा एकेक तुकडा आडवा बांधा, दोन्ही एकाच बाजूला. झाली तुमची तिजोरी, वजन नसलेली. ही काठी जिन्याच्या उतारावर ठेवून खाली सरकवत न्या आणि शेवटच्या पायरीपाशी समोरच्या भिंतीला न लागता वळते का, उभी होते का बघा. काठी जिथं अडेल तिथं तिजोरी अडणारच. काठी गेली तर तिजोरी बहुतेक जाते, पण कडेवरच्या ३६ इंच उंचीला वर जागा आहे का तेवढं वेगळं बघायचं. जिन्याच्या तोंडाशी माडीची कड खाली उतरलेली असते, तिथं डोकं आपटतं तिथंच तिजोरीही आपटते.

दुसरं माप छताचं, आणि हे कुणीच घेत नाही. आडवी आणलेली तिजोरी उभी करताना ती आपल्या उंचीपेक्षा जास्त जागा खाते, कारण मधे एका क्षणी ती कोपऱ्यावर उभी असते. १९ इंचाच्या बाजूवरनं उभी केली तर ७८ इंचाच्या तिजोरीला ८० इंचाच्या थोडी वर जागा लागते. ३६ इंचाच्या बाजूवरनं उभी केली तर जवळजवळ ८६ इंच. म्हणजे साडेपाच इंचांचा फरक, फक्त कुठल्या अंगावरनं उभी केली एवढ्यावर. तुमच्या माडीची तुळई बुटकी असेल तर हाच फरक नडतो. जिन्यातनं कडेवर आलेली तिजोरी पोरं तशीच उभी करायला जातात, म्हणजे ३६च्या बाजूवरनं, आणि ती तुळईला घासते. त्याऐवजी आधी तिला जमिनीवर पाठीवर पाडायची आणि मग तळाकडनं पाय लावून उभी करायची. पाठीवर पाडताना आरसा वर येतो, तेही बरं. एक सुतळी तिजोरीच्या तळाच्या पुढच्या कोपऱ्यापासनं माथ्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, बाजूच्या पत्र्यावरनं तिरकी ताणा आणि तेवढी कापून घ्या. ती सुतळी खालनं तुळईपर्यंत उभी धरली आणि तुळईला लागायच्या आत संपली, तर तिजोरी तिथं उभी राहते. टेपपेक्षा हे सोपं, आणि भांडण होत नाही.

काठी अडली तर मार्ग सज्जाचा. रस्त्याच्या अंगाला सज्जा असेल आणि कठडा काढता येत असेल तर दोन जाड कळक सज्जापासनं खाली तिरके लावायचे आणि त्यावरनं तिजोरी पाठीवर घसरत सोडायची. वर नाडा लागतो, शेतातला जाड दोर. तो तिजोरीला दोन ठिकाणी आडवा आणि एकदा उभा बांधायचा, आणि दुसरं टोक माडीच्या लाकडी खांबाला दोन वेढे देऊन सोडत यायचं. वेढ्यांमुळं खांबच निम्म्याहून जास्त वजन धरतो, माणूस नुसता ढिलं करत जातो. हाताला वेढा कधीही घ्यायचा नाही, मनगट जातं. आणि ग्रिलला किंवा कठड्याला तर अजिबात बांधायचं नाही. तो बघायला मजबूत दिसतो, पण चार स्क्रूवर उभा असतो. मंगळवार पेठेतली तिजोरी आम्ही अशीच उतरवली. वर दोघं, खाली तिघं, आणि एक माणूस नुसता बोळ अडवायला, कारण कुणीतरी मोटारसायकल घेऊन घुसतंच. विजेची सर्व्हिस वायर आडवी येत असेल तर हा नाद सोडा. आणि हे माडीपुरतंच, त्याच्या वरच्या मजल्यावरनं आम्ही करत नाही.

भर पावसात सज्जावरनं उतरवणंही मी करत नाही. ओला कळक आणि ओला पत्रा, दोन्ही माणसाचं ऐकत नाहीत. म्हणून तुमची काठी अडली तर तिजोरी जूनमध्ये, एखाद्या कोरड्या सकाळी आधी उतरवून ठेवा. तळमजल्यावर कुणाच्या सोप्यात आठ दिवस राहिली तर काही बिघडत नाही.

पावसाचं निघालंच आहे तर एक गोष्ट. जुलै म्हणजे आमच्या फोनला उसंत नसते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला आलं की सुतारवाड्यापासनं फोन सुरू होतात, आणि ४३ची धोक्याची पातळी जवळ आली की शहरात एक रिकामा टेम्पो दिसत नाही. २०१९ आणि २०२१चा पूर ज्यांनी बघितला ती माणसं आता पाणी दाराशी यायची वाट बघत नाहीत, आणि बरोबरच करतात. तुमचं घर उंचावर असेल, कळंबाही, पण गाडी आणि पोरं तीच आहेत. आठवडाभर आधी ठरवलेली गाडी त्या दिवशी येईलच असं नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात जमत असेल तर बघा. अमावास्या टाळायची आहे हे मला सांगायला नको, तुम्ही बघितलं असेलच.

आता जिना जातो असं धरून पुढं जाऊ.

तिजोरी आदल्या रात्री पूर्ण रिकामी करा. साड्या तशाच ठेवल्या तर चालतील का, असं सगळे विचारतात. नाही. एकेका कप्प्यात दहा-पंधरा किलो असतात आणि तिजोरी कडेवर केली की सगळं एका बाजूला जाऊन दाराला रेटतं. कप्प्यांचे पत्रे काढून एकत्र बांधा, ते सैल राहिले तर प्रत्येक पायरीला आवाज करतात आणि धार हाताला लागते. आतल्या लॉकरमधलं जे काही असेल ते तुमच्या पर्समध्ये, आमच्या डोळ्यांपुढं नको. दार किल्लीनं लावा आणि किल्ली काढून घ्या. कुलपात राहिलेली किल्ली जिन्यात भिंतीला लागून मोडते आणि मग नव्या घरात पहिलं काम किल्लीवाल्याला शोधायचं. आरशावर चिकटपट्टीची फुली मारून त्यावर वाकळ गुंडाळा आणि दोरीनं बांधा. फुलीनं आरसा फुटायचा थांबत नाही, फुटला तर तुकडे पसरत नाहीत एवढंच.

जिन्यात पाच जण असे: दोन खाली, दोन वर, आणि पाचवा नुसता बोलणारा. खालच्या दोघांवर वजन जास्त येतं, म्हणून तिथं अनुभवी माणसं. वरच्यांनी ढकलायचं नसतं, धरून सोडत यायचं असतं. हे नव्या पोराला दहादा सांगावं लागतं. बोलणारा माझ्याकडं कायम मीच असतो, आणि शब्द दोनच: "टेक" म्हटलं की जिथं असाल त्या पायरीवर ठेवा, "उचल" म्हटलं की उचला. त्या वेळी घरातल्या कुणीही मधे सूचना द्यायची नाही. तुमच्या सासूबाईंचा जीव तिजोरीत असणार, त्यांना त्या पंधरा मिनिटांसाठी शेजारी चहाला पाठवा. लाकडी पायऱ्यांवर खाली गोणपाट पसरलं तर ते घसरतं, म्हणून गोणपाट पायरीला नाही, तिजोरीला बांधायचं. आणि पोरांच्या पायात चप्पल नको. बूट नाहीतर अनवाणी.

फ्रीजचं थोडक्यात: आदल्या दिवशी सकाळीच बंद करा, बर्फ वितळू द्या, मागच्या तळाला पाण्याचा ट्रे असेल तर तो ओता. तो विसरला की ते पाणी जिन्यात नेमकं खालच्या माणसाच्या तोंडावर येतं. फ्रीज उभाच न्यायचा, थोडा कलता चालतो. आडवा करावाच लागला तर नव्या घरात लगेच चालू करायचा नाही, रात्रभर उभा राहू द्यायचा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं. वॉशिंग मशीन पुढून दार उघडायचं असेल तर घेताना आलेले ड्रम अडकवायचे बोल्ट घरात कुठं आहेत ते आत्ताच शोधा. नसतील तर ड्रमच्या भोवती जाड कपडे ठासून भरा आणि गाडी सावकाश न्यायला सांगा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल मात्र मी जरा लांब बोलणार. नळीवाली मोठी बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, दिसायला लहान, म्हणून पोरं ती एकट्यानं उचलतात आणि कंबर धरतात. दोघांनीच उचलायची, पट्ट्यावर. पण खरा घात वजनाचा नाही. एकदा मीच ती गाद्यांच्या शेजारी ठेवली, उभीच, नीट, आणि वळणावर कलंडली. झाकणातनं आम्ल निघालं, गादीत मुरलं आणि गादीखालच्या साड्यांच्या गाठोड्यापर्यंत गेलं. त्या दिवशी काही दिसलं नाही. चार दिवसांनी फोन आला, साड्या घडीवर चाळणीसारख्या झाल्यात. त्यातली एक पैठणी होती. पैसे मी भरले, पण पैठणीचे पैसे भरता येतात का? तेव्हापासनं बॅटरी ड्रायव्हरच्या शेजारी पायाशी, प्लास्टिकच्या घमेल्यात, उभी. वायर काढताना आधी काळी, मग लाल, आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी. जोडणीचा फोटो काढून ठेवा, नव्या घरात उलटी जोडणारे कमी नाहीत.

गाडीबद्दल. छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या वर थोडा लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद असतो. तुमचं सामान एका फेरीत बसणार नाही, पण अंतर कमी आहे, दोन फेऱ्या करा. मोठी पिकअप केली तर ती बोळात येणार नाही, आणि मग सामान कोपऱ्यापर्यंत डोक्यावर वाहावं लागतं, म्हणजे फेरी वाचली पण हमाली वाढली. पहिल्या फेरीत तिजोरी, फ्रीज, मशीन आणि कॉटचे भाग. तिजोरी हौद्यात लांबीला, कडेवर, खाली दोन वाकळा, आरसा आतल्या अंगाला आणि त्याला टेकून गादी. मग १९ इंचच रुंदी जाते आणि बाजूला सव्वातीन फुटांची जागा उरते. तिथं केबिनला टेकून फ्रीज, मग मशीन. वर ताडपत्री, पाऊस नसला तरी.

जड आधी का? कारण कळंब्याला तीन मजले आहेत आणि पोरं सकाळीच ताजी असतात. दुपारी जेवल्यावर तिसऱ्या मजल्यावर तिजोरी चढवायची म्हटलं की कुणाचा तरी पाय घसरणार. आणि दुसरं, रिकाम्या खोलीत तिजोरी भिंतीला लावता येते. खोकी आधी गेली की तिजोरीला वाट काढायला तीच खोकी दोनदा हलवावी लागतात. नव्या इमारतीचा जिना रुंद असतो, पण प्रत्येक वळणावर सपाट जागेत तिजोरी उभी करायची, जागच्या जागी फिरवायची आणि परत कलवायची. खाली न टेकता हातावरच वळवायला पोरांना मोह होतो, त्यात भिंतीचा नवा रंग जातो आणि बिल्डरचा माणूस खाली वाट बघत असतो.

खोक्यांचं मी फार सांगत नाही, ते तुम्हाला जमेल. एवढंच की पुस्तकं आणि कागद लहान खोक्यात, साबणाचं खोकं बरोबर मापाचं. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की तळ सुटतो, आणि पावसात तर हमखास. लक्ष्मीपुरीत मागितली की खोकी मिळतात, पण गुळाची खोकी घेऊ नका. रिकामं दिसलं तरी कोपऱ्यात चिकटा असतो, आणि नव्या स्वयंपाकघरात पहिल्या रात्री मुंग्या तुमच्या आधी राहायला येतात. लोणच्याच्या बरण्या खोक्यात घालूच नका. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वर कापड बांधून, त्या तुमच्या मांडीवर रिक्षात. देव, दूध उतू घालायचं पातेलं आणि गॅसची शेगडीही तुमच्याबरोबरच. सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, हौद्यात उभा, दोरीनं बांधून. तो रिक्षात नको.

पैशाचं ठरवताना हजेरीवर नाही, उक्तं ठरवा. हजेरीवर घेतलं की काम संध्याकाळपर्यंत लांबतं, यात पोरांचाही दोष नाही. पण उक्तं ठरवताना तिजोरी, बॅटरी, वरचा मजला आणि बोळापासनं गाडीपर्यंतचं अंतर हे चार शब्द तोंडानं बोलून घ्या, नाहीतर दुपारी तिसऱ्या मजल्याच्या दारात "हे धरलं नव्हतं" सुरू होतं. फुटलं तर कुणाचं, हेही आधीच. माझ्याकडं नियम असा, की आम्ही बांधलेलं फुटलं तर आमचं, तुम्ही बांधलेलं खोकं पडलं नाही आणि आत फुटलं तर तुमचं. दुसऱ्या कुणाचा नियम वेगळा असेल, पण काहीतरी असू दे.

शेवटी तिजोरी जागेवर लागली की लगेच दार उघडून बघा, पोरं गेल्यावर नाही. बहुतेक वेळा दार अडतं किंवा किल्ली फिरत नाही, आणि माणसं म्हणतात तुम्ही वाकडी केली. वाकडी झालेली नसते. नव्या फरशीला न्हाणीच्या अंगानं किंवा दाराकडं थोडा उतार असतो, एक पाय अधांतरी राहतो आणि सांगाडा पिळतो. दोन दारांमधली फट बघा, वर जाड आणि खाली बारीक दिसली की ओळखायचं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून एकेका पुढच्या पायाखाली सारत जायचं, एक घडी, दोन घडी, आणि प्रत्येक वेळी फटीकडं नजर. वरपासनं खालपर्यंत फट सारखी झाली की किल्ली आपोआप फिरते. तो पुठ्ठा काढायचा नाही.